पनीर फुगलं, पैसे परत आले, पनीर मात्र घरातच

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी घरी पाहुणे येणार होते, म्हणून ॲपवरून सामान मागवलं. दूध, ब्रेड, सहा अंडी, पनीरचं पाकीट, स्ट्रॉबेरीचा डबा आणि कोथिंबिरीची जुडी. बारा मिनिटांत पिशवी दारात आली. उघडली तर पनीरचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. स्ट्रॉबेरी वरून लालचुटूक, पण डबा उलटा केला तर खालच्या दोन फळांवर करड्या रंगाची लव.

ॲपमध्ये दोन्हींची तक्रार टाकली. स्ट्रॉबेरीचे पैसे चार मिनिटांत मंजूर झाले. पनीरचे मात्र नाकारले: ‘दिलेल्या माहितीनुसार ही वस्तू मुदतीत आहे.’ मी चिडले. थोड्या वेळाने लक्षात आलं की चूक माझी होती. तक्रारीचं कारण निवडताना मी ‘मुदत संपलेली वस्तू’ यावर बोट ठेवलं होतं आणि पाकिटावरची मुदत संपायला अजून सहा दिवस होते. पनीर नासलं होतं, पण मुदतीत नासलं होतं.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं, तर त्यांना वेगळंच नवल वाटलं. “अगं, पण स्ट्रॉबेरीचे पैसे दिले आणि डबा न्यायला कुणी आलंच नाही? फुकटच की मग!” फुकट नाही. पण वस्तू परत न घेता पैसे का मिळतात, कधी अडतात आणि अडले तर काय करायचं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

वस्तू परत का मागत नाहीत?

शर्टाचं माप चुकलं तर कंपनी माणूस पाठवून शर्ट परत नेते, कारण तो घडी घालून दुसऱ्याला विकता येतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. एकदा गिऱ्हाइकाच्या घरात गेलेला नाशवंत माल चांगला असला तरी पुन्हा फळीवर ठेवता येत नाही. तो फ्रीजमध्ये होता की ओट्यावर उन्हात, हे सांगणार कोण? म्हणजे परत नेला तरी त्याची जागा कचऱ्याचा डबाच. तिथवर नेण्यासाठी एका माणसाची फेरी, पेट्रोल आणि वेळ मोजायचा. सोळा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी हे कुणालाच परवडत नाही.

मंडईतली भाजीवाली मावशी हेच करते. आदल्या दिवशीचा टोमॅटो आतून सडका निघाला असं सांगितलं, तर ती सडका टोमॅटो मागत नाही. तोंडाकडे बघते आणि दोन टोमॅटो जास्त टाकते. फरक एवढाच की मावशी तुम्हाला ओळखते. ॲप तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर तीनच गोष्टी असतात: तुम्ही निवडलेलं कारण, तुम्ही पाठवलेला फोटो आणि तुमच्या खात्याचा आजवरचा इतिहास. वस्तू न बघता पैसे द्यायचे असल्यामुळे सगळा निवाडा या तीन गोष्टींवर होतो. म्हणून कारण चुकलं की खरी तक्रारसुद्धा आपटते.

‘मुदत संपली’ वेगळं, ‘नासलं’ वेगळं

पाकिटावर साधारण दोन तऱ्हेच्या मुदती दिसतात. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे शेवटची तारीख, त्यानंतर ती वस्तू विकायचीही नाही आणि खायचीही नाही. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव, रंग आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील, एवढाच उत्पादकाचा शब्द. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांत पहिली तारीख सक्तीची आहे आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. तक्रार करताना बघायची ती पहिली.

या तारखेला एक अट चिकटलेली असते आणि ती आपण वाचत नाही. पनीरच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चार-पाच अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. मुदतीचा शब्द ही अट पाळली तरच खरा. डेअरीतून निघालेलं पनीर गोदामात, गाडीत, मग डार्क स्टोअरमध्ये येतं. (डार्क स्टोअर म्हणजे गिऱ्हाइकाला आत न घेणारं, फक्त ॲपच्या ऑर्डरी भरणारं दुकान.) या प्रवासात ते कुठे दोन-चार तास बाहेर राहिलं, तर आतले जंतू वाढतात आणि त्यांच्यातले काही वायू सोडतात. पाकीट फुगतं ते या वायूमुळे. छापलेली तारीख मात्र आहे तशीच राहते.

फुगलेलं पाकीट दर वेळी नासलेलंच असतं असंही नाही. वेफर्सचं पाकीट मुद्दाम नायट्रोजन भरून फुगवलेलं असतं. पण पनीर हवा काढून बंद केलेलं असतं आणि प्लास्टिक त्याला चिकटून बसलेलं असतं. ते सैल झालं असेल तर शिवण कुठे तरी उसवून हवा आत शिरली आहे. ते ताठ फुगलं असेल तर आत वायू तयार झाला आहे. दोन्ही वेळा ते परतच करायचं, चाखून बघायचं नाही.

तर नियम सोपा आहे. तारीख उलटली असेल, तर ‘मुदत संपलेली’ हे कारण निवडा आणि तारखेचा फोटो द्या. तारीख शिल्लक असताना वस्तू बिघडली असेल, तर ‘खराब’ किंवा ‘दर्जा चांगला नाही’ असं जे कारण असेल ते निवडा आणि बिघाडाचा फोटो द्या. उलट केलंत, तर समोरचा माणूस तुमच्याच फोटोतली तारीख वाचतो आणि तक्रार बंद करतो. माझं झालं ते हेच.

न चिरलेल्या ताज्या भाज्या आणि फळं यांना तर तारखेची सक्तीच नाही. ते रास्तही आहे, कारण भेंडीवर कोण आणि कुठली तारीख छापणार? म्हणून कोथिंबीर, स्ट्रॉबेरी, नारळ यांच्या तक्रारीत ‘मुदत’ हा शब्दच येऊ देऊ नका. तिथे डोळ्यांना दिसेल तोच पुरावा.

तारीख आधीच ॲपवर का दाखवत नाहीत, असाही प्रश्न पडतो. ऑनलाइन विक्रीत वस्तूबद्दलचा बराच तपशील पडद्यावर दाखवणं वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, पण उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष त्यातून वगळलेला आहे. कारण एकाच पनीरची वेगवेगळ्या तारखांची पाकिटं फळीवर असतात आणि तुमच्या पिशवीत कुठलं पडेल हे ऑर्डर देताना ठरलेलं नसतं. दुकानात आपण हात घालून मागचं, ताजं पाकीट काढतो. इथे ते पाकीट दुसरा माणूस घाईत उचलतो.

फोटो कसा काढायचा

वस्तू परत जाणार नसते, म्हणून फोटो हीच वस्तू. मी पहिल्यांदा पाठवलेला पनीरचा फोटो वरून काढलेला होता. त्यात फुगलेपण कळतच नव्हतं, पाकीट नेहमीसारखं चौकोनी दिसत होतं. दुसऱ्यांदा पाकीट ओट्यावर उभं केलं आणि बाजूने फोटो घेतला. मग दोन्ही बाजूंचे फुगवटे स्पष्ट दिसले.

तीन फोटो पुरतात. पहिल्यात पूर्ण वस्तू वेष्टनासकट आणि जमलं तर बाजूला बिल किंवा पिशवीवरची ऑर्डरची चिठ्ठी. दुसरा बिघाडाचा, अगदी जवळून आणि खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली फ्लॅश मारला की चकाकणाऱ्या प्लास्टिकवर पांढरा ठिपका येतो आणि बुरशी नेमकी त्याच्याखाली लपते. तिसरा तारीख आणि बॅच क्रमांकाचा. बॅच क्रमांक म्हणजे एकाच घाण्यात तयार झालेल्या मालाला दिलेला नंबर, बहुधा तारखेच्या शेजारीच छापलेला असतो. त्याचं महत्त्व पुढे येईल.

काही वस्तूंचा बिघाड आल्या आल्या दिसत नाही. दुधाची पिशवी वरून ठीक असते आणि तापवल्यावर दूध नासतं. अशा वेळी पातेलं सिंकमध्ये ओतू नका. फाटलेलं दूध पातेल्यात आणि शेजारी रिकामी पिशवी, तारीख दिसेल अशी ठेवून एकत्र फोटो काढा. पिशवी कचऱ्यात गेली, तर ते दूध कुणाचं आणि कधीचं हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. नारळ फोडल्यावर कुजका निघाला, तर दोन्ही वाट्या समोर ठेवून फोटो घ्या.

वेळेचं भान मात्र हवं. ताज्या मालाची तक्रार किती वेळात करायची हे प्रत्येक ॲप स्वतः ठरवतं. कुठे काही तास असतात, कुठे एक-दोन दिवस. ती वेळ उलटली की ॲपमधलं बटणच नाहीसं होतं. कंपनीची बाजू अशी की तीन दिवसांनी काळी पडलेली कोथिंबीर त्यांच्याकडे काळी पडली की तुमच्या फ्रीजमध्ये, हे कसं ओळखायचं? आणि ते खरंच आहे. ओली जुडी प्लास्टिकमध्ये तशीच ठेवली, तर दोन दिवसांत तिचा चिखल होतो. म्हणून पिशवी आली की पाच मिनिटं काढून तारखा वाचायच्या, डबे उलटे करून बघायचे, जुडीची दोरी सोडायची. नारळ आठवड्यानंतर लागणार असेल, तर तो ॲपवरून न घेतलेला बरा.

आणि माल आणून देणाऱ्या मुलाला दारात धरून काही उपयोग नाही. पिशवी त्याला बंद मिळते आणि पैसे परत करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

नव्वदचं पनीर, परत आले एक्क्याऐंशी

दुसऱ्यांदा योग्य कारण आणि बाजूने काढलेला फोटो देऊन पनीरची तक्रार पुन्हा टाकली. ती मंजूर झाली, पण परत आले ८१ रुपये. पाकिटाची किंमत ९० होती. आता नऊ रुपये कुणी खाल्ले?

कुणीच नाही. बिल असं होतं: पनीर ९०, स्ट्रॉबेरी १२०, अंडी ५४, ब्रेड ४५, कोथिंबीर १६ आणि दूध ७५. एकूण ४००. त्यावर ४० रुपयांचं कूपन लावलं होतं, म्हणजे दहा टक्के सूट. ही सूट सगळ्या वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणून पनीर मला खरं तर ८१ ला पडलं होतं आणि स्ट्रॉबेरी १०८ ला. मी मोजले तेवढेच परत आले, एकूण १८९. हे चोख आहे.

वरचं दहा रुपये हँडलिंग शुल्क परत आलं नाही. ते पूर्ण ऑर्डरचं असतं आणि चार वस्तू नीट आल्या होत्या, त्यामुळे मी भांडले नाही. आख्खी ऑर्डरच खराब निघाली असती, तर मात्र तेही मागितलं असतं. माल सडका द्यायचा आणि तो हाताळल्याचे दहा रुपये ठेवायचे, हे पटणारं नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते पैसे कुठे येतात यावर. मंजुरीच्या पडद्यावर दोन पर्याय येतात: ॲपच्या वॉलेटमध्ये ‘लगेच’, किंवा ज्या मार्गाने पैसे दिले त्या मार्गाने ‘काही दिवसांत’. वॉलेटचा पर्याय बहुतेक वेळा आधीच निवडलेला आणि ठळक रंगात असतो. वॉलेटमधला पैसा त्याच दुकानात खर्च करावा लागतो, कधी त्यालाही मुदत असते. नेहमी तिथूनच घेत असाल तर काही बिघडत नाही. पण ती सक्ती नाही. ऑनलाइन पैसे स्वीकारून विक्रेत्यापर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये जे निर्देश काढले, त्यांत परतावा मूळ मार्गानेच द्यायचा आणि गिऱ्हाइकाने स्वतः मान्य केलं तरच दुसरीकडे, असं म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला कंपनीलाही असंच सांगितलं: परतावा बँक खात्यात हवा की कूपन हवं, हे प्रवाशाला निवडू द्या. प्रकरण टॅक्सीचं होतं, पण मुद्दा तोच.

यूपीआयने पैसे दिले असतील आणि ‘परत केले’ असं दिसूनही खात्यात जमा झाले नसतील, तर चॅटवर ‘थोडं थांबा’ ऐकत बसू नका. त्या परताव्याचा बारा आकडी आरआरएन क्रमांक मागा, म्हणजे बँकेला तो व्यवहार शोधता येईल असा पावती क्रमांक. पैसे खरंच निघाले असतील तर हा क्रमांक असतोच. तो देता येत नसेल, तर पैसे अजून कंपनीकडेच आहेत असं समजा.

एक सावधगिरी. घाईत गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरावर फोन करू नका. तिथे भामटे बसलेले असतात आणि रिफंडच्या नावाखाली पिन मागतात किंवा मोबाइलचा पडदा शेअर करायला लावतात. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. तक्रार ॲपच्या आतूनच करा.

“मग लोक खोट्या तक्रारी करणार नाहीत का?”

करतात. म्हणून तर खात्याचा इतिहास बघितला जातो. दोन वर्षांत तीन तक्रारी करणाऱ्याला चार मिनिटांत पैसे मिळतात आणि दर ऑर्डरीमागे अंडी फुटल्याचं सांगणाऱ्याची तक्रार माणसाकडे तपासायला जाते, वस्तू परत मागितली जाते किंवा सरळ नकार येतो. कुणाला किती सूट द्यायची याचे हिशेब कंपन्या जाहीर करत नाहीत. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच ॲपचे एकाच दिवशीचे अनुभव इतके वेगळे का असतात, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

यातून प्रामाणिक माणसालाही फटका बसू शकतो. एखाद्या भागातलं डार्क स्टोअरच ढिसाळ असेल, तर तिथल्या घरांच्या तक्रारी साहजिकच जास्त असतात आणि ती खाती संशयित दिसू लागतात. अशा वेळी माल परत न्यायला माणूस पाठवतो म्हणाले, तर खुशाल पाठवू द्या. त्यासाठीच पैसे जमा होईपर्यंत वस्तू टाकायची नाही. दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजच्या कोपऱ्यात ठेवायची. माझं पनीर पाच दिवस तसंच होतं आणि घरातल्या प्रत्येकाने ते एकदा तरी शिजवायला बाहेर काढलं. वर मार्करने ‘खराब’ लिहायची अक्कल मला तिसऱ्या दिवशी आली.

“पण ॲपवर तर ‘परत घेतली जाणार नाही’ असं लिहिलंय”

लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ तेवढ्यापुरता आहे. मन बदललं म्हणून जुडी परत करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. सडका माल देऊन पैसे ठेवून घ्यायची मुभा त्यातून मिळत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असा नकार ‘अनुचित व्यापार प्रथा’ म्हणून मोजला आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल, तर परताव्याला कायदा तीस दिवस धरतो. मुदत उलटलेलं अन्न विकलं तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली विकणाराही जबाबदार असतो, फक्त बनवणारा नाही.

वस्तू परत न मागता पैसे द्या, असं मात्र कुठल्याही कायद्यात नाही. ती कंपनीची सोय आहे. कंपनी वस्तू न्यायला आली, तर ती द्यावी लागेल. फक्त आधी फोटो काढलेले असू द्या.

नकारच आला तर

चॅटवर तीच तीच ठरीव उत्तरं यायला लागली की चॅट सोडा. ॲपच्या तळाशी किंवा अटींच्या पानावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, तो देणं नियमाने बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मजकूर छोटा ठेवा. मी काकूंच्या श्रीखंडासाठी लिहून दिला होता तो असा:

> ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक, रात्री ८.१० ला मिळाली. श्रीखंडाच्या डब्यावरची ‘यूज बाय’ तारीख आदल्याच दिवशी संपलेली आहे. ८.२५ ला ॲपवर तक्रार केली, ती कारण न देता बंद झाली. डबा न उघडता ठेवला आहे, हवा तर घेऊन जा. तारीख, बॅच क्रमांक आणि बिल यांचे फोटो जोडले आहेत. रक्कम मूळ यूपीआय खात्यात जमा करावी आणि आरआरएन कळवावा.

‘तुमची लायकी काय’, ‘कोर्टात खेचीन’ असलं काही त्यात नाही. तारखा, वेळा आणि मागणी, एवढंच. काकूंना ते फार मिळमिळीत वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पैसे आले.

याने काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर नेऊन ठेवते, हुकूम देऊ शकत नाही. हुकूम हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला तिथे शुल्क लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. पण ८१ रुपयांसाठी तिथवर कुणी जात नाही, जाऊही नये. तो रस्ता अन्न खाऊन माणूस आजारी पडला आणि दवाखान्याचं बिल झालं, अशा वेळचा आहे. तेव्हा डॉक्टरांचे कागद आणि उरलेलं अन्न, दोन्ही जपून ठेवा.

पैसे आले, मग विषय संपला ना?

तुमच्यापुरता संपला. त्या फळीवर बाकीची पाकिटं मात्र तशीच असतात.

जुना दुकानदार नासलेलं पाकीट हातात आलं की त्याच खोक्यातली उरलेली पाकिटं तपासतो. इथे पाकीट परत जातच नाही. कंपनीच्या हिशेबात ८१ रुपये वजा होतात आणि डार्क स्टोअरमधल्या फ्रीजचं दार नीट लागत नाही, ही गोष्ट तिथेच राहते. झटपट परतावा गिऱ्हाइकाला सोयीचा आहेच, पण तो तक्रार स्वस्तात मिटवण्याचा मार्गही आहे. फ्रीज दुरुस्त करण्यापेक्षा दिवसाला दहा पनीरांचे पैसे देणं स्वस्त पडत असेल, तर फ्रीज कोण दुरुस्त करणार?

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा अन्न परवाना निलंबित केला. तपासणीत काही अन्नपदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, शीतगृहात न राखलेलं तापमान आणि चांगल्या मालापासून वेगळा न केलेला मुदतबाह्य माल, असं सापडलं होतं. गोदामात ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा असतो आणि मुदत उलटलेला वेगळ्या, खूण केलेल्या जागी ठेवायचा असतो. तो मिसळलेला असेल, तर घाईतल्या हाताला कुठलंही पाकीट लागू शकतं.

एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं आहे की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना वस्तूचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत. पंधरा दिवस टिकणाऱ्या पनीरला ३० टक्के म्हणजे साधारण साडेचार दिवस. उद्या मुदत संपणारं पनीर आज आलं, तर ते खाण्याजोगं असेलही, पण तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा. मात्र ही कंपन्यांना दिलेली सूचना आहे, ती दाखवली की पैसे आपोआप मिळतील असं नाही.

म्हणून मुदतबाह्य किंवा फुगलेलं पाकीट आलं, तर पैसे मिळाल्यावरही एक काम करते. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो. २०२२ पासून तो बिलावर असणं सक्तीचं आहे. विक्रेत्याचं नाव बहुधा ॲपच्या नावाशी जुळत नाही, कधी न ऐकलेली एखादी कंपनी असते. गोंधळू नका, परवाना त्या डार्क स्टोअर चालवणाऱ्याचा असतो आणि निरीक्षकाला जायचं असतं ते तिथेच. हा क्रमांक, बॅच क्रमांक आणि ते तीन फोटो एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर टाकायचे. तिथून तक्रार राज्याच्या यंत्रणेकडे जाते. यातून तुम्हाला रुपयाही मिळत नाही, ती परताव्याची खिडकी नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी हे करत नाही. दूध, दही, पनीर, मांस-मासे आणि लहान मुलांचं खाणं, एवढ्यांसाठी करते, कारण त्यांत नुसती चव जात नाही.

पनीरची ती तक्रार नोंदवायला मला अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा परवाना क्रमांक चश्म्याशिवाय वाचण्यात गेली. यूपीआयचे ८१ रुपये तोवर आले होते. मग पाकीट फ्रीजच्या कोपऱ्यातून काढलं, खिडकीत नेऊन फोडलं आणि वासाने नाक दाबून पनीर ओल्या कचऱ्यात टाकलं.